परसबागेच्या बियांची नोंदवही: पाकीट बघून नव्हे, बी उगवून बघून लिहा

मृगाचा पहिला पाऊस पडला की डबा उघडायचा, हाताला येईल ते पाकीट फाडायचं, आळ्यात बी टोचायचं आणि पंधरा दिवस वाट बघायची. उगवलं नाही तर दुकानात जायचं. तिथे तोवर चांगली पाकिटं संपलेली असतात, आणि वेलभाज्यांचे तीन आठवडे हातचे गेलेले असतात. बियांची यादी करणारे पुष्कळ असतात, पण बहुतेकांच्या यादीत 'दोडका, एक पाकीट' एवढंच असतं. त्या पाकिटात किती बिया आहेत आणि त्यातल्या किती जिवंत आहेत हे कळल्याशिवाय त्या नोंदीचा काही उपयोग नाही.

खाली जो क्रम दिला आहे तो बदलू नका. आधी डबा रिकामा करून निवड, मग क्रमांक, मग मोजणी, मग उगवण चाचणी आणि सर्वांत शेवटी पेरणीचा हिशेब. बहुतेक चुका यातली एखादी पायरी गाळल्यामुळे होतात.

## सुरुवात केव्हा करायची

पेरणीच्या चार आठवडे आधी. चाचणीला बहुतेक पिकांत दोन आठवडे लागतात. निकाल वाईट आला तर नवं बी मिळवायला आणखी दोन आठवडे हाताशी हवेत. मृग साधारण ७-८ जूनला लागतो, म्हणजे खरिपाच्या बियांची चाचणी ८-१० मेच्या सुमारास लावायची. हिवाळी भाज्यांची चाचणी ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला.

सगळ्या बियांची चाचणी एकाच दिवशी उरकायचा मोह होतो. तो टाळा. पालक, कांदा, गाजर यांना उगवायला गारवा लागतो. मे महिन्यात घरात ३५-३८ अंश तापमान असताना यांचं चांगलं बीसुद्धा अर्धंमुर्धं उगवतं, आणि आपण 'बी मेलं' असं लिहून पाकीट टाकून देतो. उलट दोडका, कारलं, दुधी, भेंडी, चवळी, गवार यांना मे महिन्याची ऊब मानवते.

## १. डबा रिकामा करा आणि निवडा

कोरड्या दिवशी, पंखा बंद करून, जमिनीवर वर्तमानपत्र पसरा आणि सगळं बी त्यावर काढा. माठ आणि कांद्याचं बी फुंकरीनेही उडतं, म्हणून पंखा बंद.

वाल, पावटा, चवळी यांच्या दाण्यांवर गोल छिद्रं दिसतात का ते बघा. दिसली तर भुंगेरा लागला आहे. छिद्राचे दाणे काढून टाका. उरलेलं बी कोरडं असेल तर हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे आत लपलेली अंडी आणि अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडा, नाहीतर हवेतली ओल थंड दाण्यांवर धरते आणि बी खराब होतं.

काही बिया गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगाच्या असतात. त्यांना बुरशीनाशक लावलेलं असतं.

सावधान: रंग लावलेलं बी खायच्या धान्याजवळ ठेवू नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका, आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवा. ते उरलं तर भाजीत घालायचं नाही.

वास येणारं, बोटाला चिकटणारं किंवा करड्या बुरशीने गुठळी झालेलं बी इथेच बाजूला करा. त्याची चाचणी करत बसू नका.

## २. प्रत्येक पाकिटाला क्रमांक द्या

क्रमांक पाकिटाला द्यायचा, पिकाला नाही. घरात भेंडीची दोन पाकिटं असतील, एक विकतचं आणि एक घरी धरलेलं, तर ती दोन वेगळी बियाणी आहेत. त्यांचं वय वेगळं, उगवण वेगळी. 'भेंडी' म्हणून एकत्र केली की कुठलाच आकडा खरा राहत नाही. मी एका वर्षी जागा वाचवायला दोन प्रकारच्या दुधीचं बी एका बरणीत ओतलं. लांबड्या दुधीचा मांडव घातला आणि त्यावर निम्मे वेल गोल दुधीचे निघाले. त्याहून वाईट म्हणजे जे बी उगवलंच नाही ते कुठल्या पाकिटातलं होतं हे कधीच कळलं नाही.

क्रमांक सोपा ठेवा: पिकाची अक्षरं, साल, अनुक्रम. 'दो-२३-१' म्हणजे २०२३ साली आलेल्या दोडक्याचं पहिलं पाकीट. हा क्रमांक दोन ठिकाणी लिहा, पाकिटाच्या बाहेर आणि आत टाकलेल्या कागदाच्या चिठ्ठीवर. चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची आणि मार्करची शाई प्लॅस्टिकवर घासली जाते, दमट हवेत फाकते. पेन्सिल टिकते.

## ३. वहीचे रकाने

सात रकाने पुरतात: क्रमांक, पीक आणि वाण, कुठून आणि कधी आलं, पेरणीची वेळ, शिल्लक, चाचणी, काय ठरलं. दोन रकाने लोक हमखास चुकीचे भरतात.

कुठून आलं. 'दुकान' एवढं लिहून भागत नाही. विकतच्या पाकिटावर लॉट क्रमांक, चाचणीची तारीख आणि वैधतेची तारीख छापलेली असते. या तिन्ही गोष्टी लिहा. वैधता साधारण चाचणीपासून नऊ महिन्यांची असते. ती संपली म्हणजे बी मेलं असं नाही, विकणाऱ्याची हमी संपली एवढाच त्याचा अर्थ. वाण संकरित आहे की सुधारित हेही इथेच लिहा. संकरित असेल तर समोर 'बी धरू नये' अशी नोंद करा, कारण त्याच्या फळातलं बी पेरलं तर पुढची झाडं आईसारखी येत नाहीत. बी घरचं असेल तर फळ कुठल्या वेलाचं होतं, आसपास त्याच पिकाचं दुसरं वाण फुलात होतं का, आणि बी कोणत्या महिन्यात काढलं, हे लिहा. शेजारच्या काकूंनी दिलं असेल तर त्यांना त्यांच्या बियांचं वय विचारा. 'ठेवणीतलं आहे' या उत्तरावर थांबू नका.

पेरणीची वेळ. पाकिटावर 'वर्षभर' छापलेलं असतं. ते जसंच्या तसं उतरवू नका. वाल आणि पावट्याची आपल्याकडची जुनी गावरान वाणं दिवस लहान झाल्यावरच फुलतात. फेब्रुवारीत लावली तर वेल मांडव भरून टाकतो, पानं काळीभोर होतात आणि शेंग एक दिसत नाही. बी उत्तम असतं, महिना चुकलेला असतो. कांद्यात तर एकाच पिकाच्या दोन वाणांचा हंगाम वेगळा असतो: बसवंत ७८० खरिपाचा, एन-२-४-१ रब्बीचा. म्हणून वेळ पिकापुढे नाही, वाणापुढे लिहायची. हंगामही 'खरीप' असा मोघम लिहू नका. 'जून दुसरा आठवडा ते जुलै मध्य' असं लिहा. कोकणात आणि माणदेशात पावसाचं वेळापत्रक सारखं नसतं, तेव्हा तारीख आपल्या गावच्या पावसाची असू द्या.

## ४. शिल्लक मोजा

मोठ्या बिया एकेक करून मोजा. दोडका, दुधी, कारलं, भेंडी, वाल यांना पाच मिनिटंही लागत नाहीत. वांगी, मिरची, टोमॅटो, कांदा यांची बी मोजत बसायचं कारण नाही, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक-दोन ग्रॅम नीट मोजलेही जात नाहीत. त्याऐवजी आपली चिमूट एकदा मोजा. तर्जनी आणि अंगठ्याच्या चिमटीत वांग्याचं किती बी येतं ते पांढऱ्या बशीत टाकून मोजा, तीनदा करा आणि मधला आकडा धरा. मग वहीत 'सहा चिमटी, एका चिमटीत ४० च्या आसपास' असं लिहा. मेथी आणि धने चमच्याने मोजा.

तपासा: या टप्प्यावर प्रत्येक पाकिटाला क्रमांक आहे का आणि प्रत्येक क्रमांकापुढे शिल्लक लिहिली आहे का? चाचणीसाठी बी काढल्यानंतर शिल्लक मोजली तर पुढचा हिशेब दहा-वीस बियांनी चुकतो.

## ५. उगवण चाचणी

### किती बिया घ्यायच्या

शक्य असेल तर २०. पाकिटात ५० हून कमी असतील तर १०. दहा बियांच्या निकालाला मर्यादा आहे, ती ओळखून असा. खरी उगवण ८० टक्के असलेल्या बियांतून दहा घेतल्या तर सहाही उगवतील, दहाही उगवतील. म्हणून निकाल टक्क्यांत लिहू नका, '६/१०' किंवा '१६/२०' असा लिहा. टक्के लिहिले की पुढच्या वर्षी आपणच तो आकडा पक्का समजतो.

आता सर्वांत मोठी चूक. लोक चाचणीसाठी चांगल्या टपोऱ्या बिया निवडतात. मग चाचणीत नऊ उगवतात आणि आळ्यात पाच. पाकीट हलवा, बी बशीत ओता, डोळे मिटून चिमटीत येईल ते घ्या. फुटकं आलं तर फुटकं, पोचट आलं तर पोचट. तीच तुमची खरी शिल्लक आहे.

### मांडणी

जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा उकळून घ्या आणि वाळवा. तो भिजवून पिळा. बोटाने दाबला तर गार लागावा, पण पाणी सुटू नये. बहुतेक चाचण्या इथेच बिघडतात. कापड निथळत असेल तर बियांना हवा मिळत नाही, त्या कुजतात, आणि चांगल्या पाकिटावर 'उगवण नाही' असा शेरा बसतो.

बिया एकमेकींना न लागतील अशा ओळीत मांडा, कापड दुमडा, सैल गुंडाळी करा. पेन्सिलीने लिहिलेली क्रमांकाची चिठ्ठी आत ठेवा. सगळ्या गुंडाळ्या झाकणाच्या डब्यात ठेवून झाकण किंचित उघडं ठेवा. डबा गॅसजवळ नको, फ्रिजच्या वर नको आणि उन्हातही नको.

प्रत्येक डब्यात एक जादा गुंडाळी करा, स्वयंपाकघरातल्या दहा मटकीच्या दाण्यांची. मटकीला दोन दिवसांत मोड येतात हे आपल्याला माहीत आहे. तिलाच आले नाहीत किंवा ती बुळबुळीत झाली, तर चूक मांडणीची आहे. सगळी चाचणी पुन्हा लावा आणि वहीत काही लिहू नका.

धने आधी हलके भरडून दोन फाकी करून घ्या, कारण एका धन्यात दोन बिया असतात. आपल्याकडच्या पालकाचा खडबडीत दाणा हाही एका बीचा नसतो, त्यातून दोन-तीन कोंब येतात. दाणा एक मोजायचा, कोंब नाही. नाहीतर दहातून चौदा उगवल्याची नोंद होते.

### रोजची पाहणी

रोज एकाच वेळी उघडून बघा. कापड सुकत आलं असेल तर पाण्याचे शिंतोडे मारा. ज्या बियांचं मूळ बियांच्या लांबीहून मोठं झालं आणि टोक पांढरं, सरळ आहे, ती 'उगवली' म्हणून मोजून बाहेर काढा. टरफल नुसतं फाटलं, मूळ खुंटलं किंवा टोक तपकिरी पडलं, तर ती उगवलेल्यांत धरू नका. कापडात ती जिवंत भासते, पण मातीतून वर येत नाही.

किती दिवस थांबायचं ते पिकावर आहे. चवळी ८ दिवस, मुळा १०, कांदा १२, वांगी, मिरची, टोमॅटो, मेथी आणि वेलभाज्या १४. भेंडी, धने आणि पालक यांना २१ दिवसांपर्यंत द्यावे लागतात. मिरचीला आठव्या दिवशी नापास करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. किती उगवल्या याबरोबर कितव्या दिवशी उगवल्या हेही लिहा. तीन वर्षांच्या बियांत संख्या फारशी घसरलेली नसते, पण उगवण चार दिवसांवरून नऊ दिवसांवर गेलेली असते. बी म्हातारं होत असल्याची ती पहिली खूण.

### न उगवलेल्या बिया

मुदत संपल्यावर उरलेल्या बिया फेकून देऊ नका. प्रत्येक बी नखाने दाबा. मऊ पडून आतून पिठूळ पाणी आलं तर ती मेलेली. टणक आहे, फुगलीच नाही, तर तिच्या टरफलातून पाणीच आत गेलं नाही. ती कडक बी. भेंडी आणि गवारीत असं बरंच होतं. कडक बी पॉलिश पेपरवर चार-पाच वेळा हलकेच घासा, रात्रभर कोमट पाण्यात ठेवा आणि पुन्हा गुंडाळीत घाला. कारल्याच्या बियांचं टोक नेलकटरने जरासं उडवलं तरी चालतं, आतल्या दलाला इजा होऊ देऊ नका.

वांगी आणि कारल्याचं नुकतंच काढलेलं बी काही वेळा झोपेत असतं. ते काढून महिना-दोन महिने झाल्याशिवाय त्याच्यावर शेरा मारू नका.

## ६. निकालावरून पेरणी ठरवणं: एक उदाहरण

माझ्या वहीतली एक नोंद घेऊ. दो-२३-१, दोडका, पुसा नसदार, कृषी सेवा केंद्रातून मे २०२३ मध्ये आणलेला. शिल्लक ३८. ८ मे २०२५ ला दहा बिया गुंडाळीत घातल्या. पाचव्या दिवशी तीन उगवल्या: काळ्या, खडबडीत बियांच्या निमुळत्या टोकातून पांढरं मूळ निघालं होतं. आठव्या दिवसापर्यंत सहा झाल्या, चौदाव्यापर्यंत सहाच. उरलेल्या चारांतल्या तीन मऊ, एक टणक. टणकीचं टोक घासल्यावर ती उगवली, पण तो वेगळा शेरा. नोंद ६/१०, पाच ते आठ दिवस.

आता शिल्लक २८. दहाच बियांची चाचणी, म्हणून ६० टक्के न धरता निम्मं धरलं. मला पाच वेल हवे होते. एका आळ्यात तीन बिया टाकायच्या. निम्म्या उगवणाऱ्या असतील तर तिन्ही बिया फुकट जाण्याची शक्यता आठात एक असते, आणि मातीत किडा, पावसाची झड, पाखरं यांमुळे ती वाढते. म्हणून पाचऐवजी सहा आळी धरली. १८ बिया लागल्या, १० उरल्या. 'काय ठरलं' या रकान्यात लिहिलं: 'यंदा १८ पेरणे. उरलेल्या १० वर पुढच्या वर्षी अवलंबून राहायचं नाही. एका वेलावर एक दोडका पिकायला सोडणे.' सुधारित वाण असल्याने बी धरता येतं, आणि गल्लीत दुसरा दोडका नव्हता.

चाचणीत उगवलेल्या सहा बियाही वाया गेल्या नाहीत. मूळ न मोडता त्या कागदी पेल्यांत मातीत ठेवल्या. चार जगल्या, त्यातल्या दोन आळ्यांत गेल्या, दोन शेजारी.

ढोबळ नियम असा. दहात आठ किंवा अधिक उगवल्या तर नेहमीसारखं पेरा. पाच ते सात असतील तर दाट पेरा आणि याच हंगामात बी संपवा. चार किंवा त्याहून कमी असतील तर विकतचं बी टाकून द्या. अपवाद एकच: घरचं जुनं वाण, जे दुसरीकडे मिळत नाही. त्याच्या दहात दोन जरी उगवल्या तरी सगळं बी पेल्यांत पेरा, जगेल त्याची फळं बियांसाठीच राखा, आणि त्या वर्षी त्या वेलाची भाजी करू नका.

कांद्याच्या बाबतीत दयामाया नको. त्याचं बी आपल्या हवेत वर्षभरात झपाट्याने उतरतं. उगवण ३/२० आली असताना 'दाट टाकू' म्हणून वाफा भरलेला मी पाहिला आहे. जी रोपं आली तीही मरतुकडी निघाली.

## ७. परत ठेवणं

चाचणी झाल्यावर बी त्याच दमट हातांनी डब्यात टाकलं तर सगळी मेहनत पाण्यात. पाकिटं सकाळच्या कोवळ्या उन्हात तासभर ठेवा, सावलीत गार होऊ द्या, मग काचेच्या बरणीत भरा. बरणीच्या तळाशी सुती पुरचुंडीत मूठभर तांदूळ घाला. ते आधी कढईत गुलाबी होईपर्यंत भाजून झाकून गार केलेले हवेत. न भाजलेले तांदूळ फारशी ओल शोषत नाहीत. पावसाळ्यात दर महिन्याला पुरचुंडी बदला. बरणी फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर ती खरोखर हवाबंद हवी आणि बी पूर्ण कोरडं हवं. ओलसर बी फ्रिजमध्ये लवकर मरतं.

तपासा: भेंडीचा किंवा दुधीचा एक दाणा दातांनी दाबून बघा, मात्र रंग लावलेला नाही याची खात्री करून. कडकन तुटला तर कोरडा. दाताची खूण उमटली तर अजून दोन दिवस वाळवा.

## ८. पेरणीनंतरची एक ओळ

पेरल्यावर पंधरा दिवसांनी वहीत परत या आणि चाचणीच्या आकड्याशेजारी मातीतली उगवण लिहा. माझ्या दोडक्याच्या १८ बियांपैकी आठ वर आल्या. चाचणीच्या मानाने त्या दहा-अकरा यायला हव्या होत्या, म्हणजे माझ्या परसातली माती दर चार उगवणाऱ्या बियांतली एक खाते. दोन-तीन हंगाम हा फरक लिहिला की आपल्या जागेचा आकडा हाती येतो. पेरणी झाली की त्याच संध्याकाळी शिल्लकही खोडून नवी लिहा: २८ खोडून १०, आणि बाजूला तारीख.